तीस रुपयांचा कडता



कपाशी आणि ज्वारीच्या कोरडवाहू मुलखात वाटल्या जाणाऱ्या या पत्रिकेत भातखाचरांच्या पेण-रोह्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. तिकडचा पाऊस वेगळा, जमीन वेगळी, पीक वेगळे. पण खिशातला मोबाइल तिकडेही तोच आणि इकडेही तोच. त्या मोबाइलमधून न मागितलेल्या सेवेच्या नावाखाली पैसे कापले जातात, तेव्हा खारेपाटातला भातकरी आणि काळ्या रानातला कापूसवाला एकाच काट्यावर उभे असतात.

काटा म्हटले की आपल्याला कडता आठवतो. क्विंटलमागे किलोभर माल कशाबद्दल वजा झाला, हे विचारले तर व्यापारी म्हणतो, 'पद्धत आहे.' राशीवर मापारी जाता जाता पसाभर ज्वारी बाजूला टाकतो, तीही पद्धत. निदान तिथे हात तरी दिसतो. भांडायला समोर माणूस तरी असतो. मोबाइलच्या कडत्यात हात दिसत नाही आणि पट्टीही मिळत नाही. वरून कंपनीच आपल्याला सांगते की हे तुम्हीच मागितले होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. अशा तक्रारीत 'मी मागितले नव्हते' हे सिद्ध करण्याचा भार आपण आपल्या डोक्यावर घेतो आणि तिथेच हरतो. न केलेल्या गोष्टीचा पुरावा कोणाकडेच नसतो. केलेल्या गोष्टीची नोंद मात्र असते आणि ती कंपनीच्या यंत्रात असते. म्हणून पैसे मागण्याच्या आधी ती नोंद मागा. हे कसे करायचे, ते पेण-रोह्याच्या एका प्रकरणातून सांगतो. कागदपत्रे आमच्यासमोर तयार झाली. कुटुंबाचे आणि कंपनीचे नाव इथे देत नाही. नावाने फरक पडत नाही, रीत कळली पाहिजे.

फोन तुटला तिथून

पेणच्या खारेपाटात एक म्हातारी आई राहते. भात, त्यावर थोडा वाल, एवढी तिची शेती. मुलगा रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात कामाला, मुलगी कुवेतला. आईकडे बटणांचा साधा फोन. सिमकार्ड मुलाच्या नावावर. बोलण्यापुरते रिचार्ज तो भरतो, त्यात इंटरनेट नाही. परदेशी फोनचे पैसे मात्र त्या रिचार्जमधून जात नाहीत, ते मुख्य शिलकीतून कापले जातात. म्हणून १ जुलै २०२५ रोजी मुलाने २०० रुपयांचा टॉकटाइम टाकला. कर आणि शुल्क वजा जाता एकशे साठच्या आसपास शिल्लक झाली. आवणी, म्हणजे भाताची लावणी उरकली की आईने लेकीला फोन करावा, असा बेत होता.

२५ जुलैच्या संध्याकाळी तिने फोन लावला. चार वाक्ये बोलून होतात न होतात तोच फोन तुटला. शिल्लक संपली होती.

मुलाच्या फोनमध्ये कंपनीचे अ‍ॅप होते आणि त्यात आईचा नंबर जोडलेला होता. त्याने व्यवहारांची यादी उघडली. ३ जुलै, ३० रुपये. १० जुलै, ३० रुपये. १७ आणि २४ जुलैलाही तेच. चारही ओळींपुढे खेळांच्या एका सेवेचे नाव. एकूण १२० रुपये. जिला फोनवर आलेला एसएमएस वाचता येत नाही, ती बाई दर आठवड्याला तीस रुपयांचे खेळ खेळत होती, असे ती यादी सांगत होती.

मुलाने त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि दुसऱ्या दिवशी पेणच्या दुकानात गेला. दुकानातल्या पोराने सांगितले, 'आईने बटण दाबले असेल. सेवा बंद करून देतो.' बंद झाली. शंभरातले नव्व्याण्णव लोक इथूनच घरी जातात, आणि हा सगळा धंदा त्या नव्व्याण्णवांच्या घरी जाण्यावर चालतो. तीस रुपयांसाठी कोणी खाडा करीत नाही. एका नंबरवरून तीस रुपये ही किरकोळ रक्कम झाली, पण असे एक लाख नंबर मोजले तर आठवड्याला तीस लाख होतात. त्या पैशातला वाटा सेवा विकणाऱ्याला मिळतो, तसा मोबाइल कंपनीलाही मिळतो. म्हणून 'आमचा काय संबंध, ती दुसऱ्याची सेवा आहे' हे कंपनीचे उत्तर ऐकून घेऊ नका. पैसे तिने कापले आहेत.

होकार कसा चोरला जातो

बटण दाबले असेल, हे म्हणणे अगदीच खोटे असते असे नाही. दाबले जाते, पण ते दाबायला कसे लावले जाते, हे पाहिले पाहिजे.

पहिला मार्ग साध्या फोनचा. पडद्यावर अचानक एक चौकट उगवते, तिच्यावर क्रिकेटचा स्कोअर किंवा देवाचे गाणे असते आणि खाली 'ओके' असते. चौकट घालवायची म्हणून माणूस ओके दाबतो. फोन खिशात असला तर धक्क्यानेही दाबला जातो. दुसरा मार्ग रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा. फोन येतो, गाणे वाजते, मध्येच 'आवडले तर एक दाबा' येते.

तिसरा मार्ग इंटरनेटच्या फोनचा, आणि तो जास्त फसवा आहे. आपण मोबाइल डेटावर एखादे पान उघडतो. जाहिरातीवर बोट पडते. सेवा विकणाऱ्याला आपला नंबर आपण दिलेला नसतो, तरी त्याला तो कळतो, कारण डेटा ज्या कंपनीच्या जाळ्यातून जातो तिची यंत्रणा असा नंबर त्या पानाकडे पोहोचवू शकते. त्यामुळे नंबर लिहा, ओटीपी टाका अशी अडचणच उरत नाही. एका बोटात होकार होतो. कधी पारदर्शक बटण दुसऱ्या बटणावर ठेवलेले असते. आपण चित्रपट बंद करायला 'फुली' दाबतो आणि यंत्र तो सेवेचा होकार समजते. काही चोरटी अ‍ॅप्स तर माणसाच्या बोटाचीही वाट पाहत नाहीत, ती स्वतःच दाबतात. 'जोकर' नावाने ओळखली जाणारी अशी अ‍ॅप्स २०१७ पासून अँड्रॉइड फोनमध्ये पुन्हापुन्हा सापडली आहेत.

मोबाइलवर सेवा विकत घेणे हाच गुन्हा, असे आम्ही म्हणत नाही. २००७ साली रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा आपल्याच महाराष्ट्रात सुरू झाली होती. बाजारभाव आणि हवामानाचे एसएमएस पैसे घेऊन पाठवायची. शेतकरी ती किंमत बघून, ठरवून विकत घेत. आवडली तर पुढे चालू ठेवत. तो सौदा होता. इथे सौदा नाही. इथे गिऱ्हाइकाला आपण गिऱ्हाईक आहोत हेच माहीत नसते.

कायदा काय म्हणतो

हा चोरबाजार सरकारला ठाऊक नव्हता असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १० जुलै २०१३ रोजी सगळ्या कंपन्यांना निर्देश दिले. त्यांचा गाभा असा की अशा सेवेसाठी ग्राहकाचा होकार एकदा नव्हे, दोनदा घ्यायचा. दुसरा होकार सेवा विकणाऱ्याच्याच यंत्रावर नव्हे, वेगळ्या यंत्रणेमार्फत घ्यायचा. दुसरा होकार आला नाही तर सेवा सुरू करायची नाही आणि पैसेही कापायचे नाहीत. सेवा बंद करण्यासाठी सगळ्या कंपन्यांना १५५२२३ हा एकच मोफत नंबर ठरवून दिला. सेवा सुरू झाल्यावर किंवा तिचे नूतनीकरण झाल्यावर २४ तासांच्या आत कळवले तर कापलेले पैसे परत मिळतात.

याच २४ तासांचा कंपन्या फास करतात. २९ जुलैला आपल्या मुलाला लेखी उत्तर आले ते असे : ग्राहकाने ३ जुलै रोजी दुपारी मोबाइल इंटरनेटवरील पानावरून सेवा सुरू केली आहे, २४ तासांत तक्रार आलेली नाही, म्हणून परतावा देता येत नाही.

हे उत्तर नीट वाचा. २४ तासांची सोय ही कारण न देता पैसे परत मागण्याची सोय आहे. होकार न घेता कापलेले पैसे पंचविसाव्या तासाला कंपनीच्या मालकीचे होतात, असे त्या निर्देशात कुठेही नाही. शेजाऱ्याने तुमच्या धुऱ्यावरचे बाभळीचे झाड तोडून नेले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'काल का नाही बोललात?', तर झाड त्याचे होते काय? होकारच नसेल तर सौदा झालाच नाही, आणि न झालेल्या सौद्याला मुदत नसते.

स्क्रीनशॉट म्हणजे भोक, अळी आत आहे

कपाशीवाल्यांना हे पटकन कळेल. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते तेव्हा तिचे भोक मागून बुजते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. फोडून पाहिल्याशिवाय अळी सापडत नाही. स्क्रीनशॉटचे तसेच आहे. पैसे गेले, कधी गेले, कोणत्या नावाने गेले, एवढे तो सांगतो. होकार होता की नव्हता, हे तो सांगत नाही. म्हणून नुसता स्क्रीनशॉट पुढे करून 'पैसे द्या' म्हणणारा माणूस अर्ध्यावर थांबतो.

तरी स्क्रीनशॉट हवाच, आणि तो धड हवा. पूर्ण पडद्याचा घ्या, कापून छाटून नको. त्यात मोबाइल नंबर, तारीख-वेळ, सेवेचे नाव आणि कापलेली रक्कम दिसली पाहिजे. एका पडद्यात मावत नसेल तर दोन घ्या. मूळ चित्रावर लाल वर्तुळे काढू नका, काढायचीच तर प्रतीवर काढा. अ‍ॅपमधली यादी ठरावीक दिवसांपुरतीच मागे जाते, म्हणून दिसल्या दिवशीच घ्या. पैसे कापल्याचा एसएमएस आला असेल तर तो पुसू नका. चित्र हे नकलेसारखे असते, मूळ फोनमध्ये असते. पुढे ग्राहक आयोगात कोणी 'हे चित्र बनावट आहे' म्हणाले तर मूळ दाखवता आले पाहिजे.

मुलाने दोन कामे एकाच वेळी केली. २६ जुलैला १९८ या मोफत नंबरवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेतला. हा क्रमांक देणे २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार कंपनीवर बंधनकारक आहे. क्रमांक न देता कोणी गोड बोलून फोन ठेवत असेल तर तक्रार झालीच नाही असे समजा. त्याच दिवशी त्याने आमच्या सांगण्यावरून पुढचा मजकूर ईमेलने पाठवला :

'या क्रमांकावरून ३, १०, १७ व २४ जुलै २०२५ रोजी प्रत्येकी ३० रुपये, एकूण १२० रुपये, सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसणाऱ्या सेवेच्या नावाने कापले आहेत. ही सेवा आम्ही मागितलेली नाही. पहिला होकार आणि दुसरा होकार कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मार्गाने नोंदला गेला, दुसरा होकार कोणत्या यंत्रणेत नोंदला गेला, सेवा पुरवणाऱ्या संस्थेचे नाव काय आणि सेवा सुरू झाल्याचा एसएमएस कधी पाठवला, हे लेखी कळवावे. अशी नोंद नसल्यास रक्कम परत करून तसे लेखी द्यावे.'

बघा, यात शिव्या नाहीत, गाऱ्हाणे नाही, आईच्या म्हातारपणाची दया मागितलेली नाही. एक हिशोब आणि काही प्रश्न आहेत. कंपनीने तीनच दिवसांत जे उत्तर दिले ते वर सांगितले. तिने पैसे नाकारले, पण नाकारताना एक गोष्ट लिहून दिली : होकार 'मोबाइल इंटरनेटवरील पानावरून' आला.

तिथेच ती सापडली.

पन्नास रुपयांचा कागद

आईच्या फोनला इंटरनेट नाही. रिचार्जमध्ये डेटा नाही. मग पान उघडले कोणी? पण हे तोंडी सांगून चालत नाही. कंपनी म्हणेल, सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले असेल.

प्रीपेड ग्राहकाला मागच्या सहा महिन्यांतल्या कोणत्याही महिन्याचा वापराचा तपशील मागता येतो. कंपनी त्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकते आणि तो तिने ३० दिवसांत द्यायचा असतो. २०१२ च्याच ग्राहक संरक्षण विनियमांत ही तरतूद आहे. पोस्टपेडवाल्यांना हा तपशील बिलासोबत मागता येतो. मुलाने पन्नास रुपये भरून जुलै महिन्याचा तपशील मागवला. १२० रुपयांसाठी आणखी ५० कशाला, असे त्याची बायको म्हणाली. तिचे चुकले नव्हते. पण ६ ऑगस्टला कागद आला, तेव्हा त्यात त्या महिन्यात इंटरनेटचा वापर शून्य होता. ३ जुलैच्या दुपारीही शून्य. कंपनीच्या एका यंत्राने लिहिले की बाईने इंटरनेटवर होकार दिला आणि कंपनीच्याच दुसऱ्या यंत्राने लिहिले की बाई इंटरनेटवर गेलीच नाही.

तुमच्याकडे डेटा असलेला फोन असेल तर हा पुरावा इतका सोपा मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. त्या वेळी तुमचा डेटा चालूच असेल. तेव्हा दुसऱ्या होकाराच्या पानाची प्रत मागा : त्यावर किंमत किती लिहिली होती, मुदत किती लिहिली होती, होकाराचे बटण काय होते. आणि दोन होकारांच्या वेळा बघा. पहिला आणि दुसरा होकार एकाच सेकंदाला नोंदलेले असतील तर ते माणसाच्या बोटाचे काम नाही. किंमत वाचून पुन्हा दाबायला माणसाला वेळ लागतो.

अपील

लेखी उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. ईमेलने, टपालाने किंवा स्वतः जाऊन अपील देता येते. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ९ ऑगस्टला मुलाने अपील पाठवले. सोबत स्क्रीनशॉट, २९ जुलैचे उत्तर आणि वापराचा तपशील जोडला. मजकूर एका परिच्छेदाचा होता : तुमचे दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, कोणता खरा ते सांगा.

१२ सप्टेंबरला उत्तर आले. १२० रुपये शिलकीत जमा केले आहेत, 'ग्राहकाच्या समाधानासाठी'. होकाराची नोंद दिली नाही. ती तिसऱ्या संस्थेकडे आहे, असे लिहिले.

भावांनो, या 'समाधानासाठी'त सगळी लबाडी आहे. चोरलेले परत करताना चोर म्हणतो की तुझे मन राखायला देतो आहे. म्हणजे चोरी झाली हे कागदावर यायला नको. आणि नोंद तिसऱ्याकडे आहे हे तर हास्यास्पद आहे. पैसे कापायच्या आधी दुसरा होकार आल्याची खात्री करण्याची जबाबदारी २०१३ च्या निर्देशांनी मोबाइल कंपनीवर टाकली आहे. खात्री केली असेल तर नोंद तिच्या हाताशी हवी. नसेल तर खात्री न करता कापले, हे तिने कबूल करावे. पैसे मिळाले ते घ्या, पण 'तक्रार मिटली, आता काही म्हणणे नाही' असे लिहून देऊ नका.

पुढचे दार

कंपनीच्याच अपिलात न्याय मिळेल अशा भ्रमात आम्ही नाही. ट्रायही एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, ते तिचे कामच नाही. पुढचे दार ग्राहक आयोगाचे आहे, आणि ते दार बरीच वर्षे लोटून घेतलेले होते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचाने ऐकायच्या नाहीत, असे कंपन्या सांगत. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येत होते. २०१३ च्या अखेरीस त्याला २४,६०९ रुपयांचे बिल आले. जिल्हा मंचाने २०१४ मध्ये त्याच जुन्या निकालावर बोट ठेवून तक्रार काढून टाकली. तो मागे हटला नाही. शेवटी १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, व्होडाफोन आयडियाच्या अपिलावर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मोबाइल सेवेची तक्रार ऐकण्याचा ग्राहक आयोगाला पूर्ण अधिकार आहे. त्याचे प्रकरण न मागितलेल्या सेवेचे नव्हते, जादा बिलाचे होते. पण दार सगळ्यांसाठी उघडले.

आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईला असो की दिल्लीला. रायगडवाल्यांना अलिबाग, तुम्हाला तुमचे जिल्ह्याचे ठिकाण. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पेण-रोह्याच्या त्या मुलाने कागद जपून ठेवले आहेत.

तरीही १२० रुपयांसाठी एकट्या माणसाने अलिबागच्या खेपा घालाव्यात, असे आम्ही सांगणार नाही. प्रवासाचे भाडे आणि बुडालेला रोज मोजला तर ती लढाई तोट्याची आहे, आणि कंपनीला हे तोट्याचे गणित आपल्यापेक्षा चांगले येते. त्यावर कायद्यातच एक उपाय आहे. एकाच प्रकारचे नुकसान झालेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एक किंवा काही जण मिळून एकच तक्रार करू शकतात. तीच कंपनी, तेच सेवेचे नाव, पन्नास नंबर. मग तीस रुपये किरकोळ राहत नाहीत आणि 'आईने बटण दाबले असेल' हे उत्तर पन्नास वेळा देता येत नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. कंपनीचा तक्रार नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. परतावा मोबाइलच्या शिलकीत किंवा बिलात जमा होतो. त्यासाठी ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर मागणारा माणूस कंपनीचा नाही. तीस रुपये परत घेताना कापसाचे पैसे घालवून बसू नका.

पेण ही काही मुकाट्याने मान डोलावणाऱ्यांची भूमी नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सेझला जमीन द्यायची की नाही, हे सरकारला शेतकऱ्यांना कागदावर विचारावे लागले. जमीन घ्यायची तर आधी आमचा होकार दाखवा, असे त्या गावांनी म्हटले म्हणून ते घडले. जमिनीच्या बाबतीत जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न तीस रुपयांच्या बाबतीत विचारायचा आहे. रक्कम लहान आहे म्हणून होकार लागत नाही, हे एकदा मान्य केले की पुढे रक्कम कोणती ते समोरचा ठरवतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरातल्या प्रत्येक नंबरचा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या नंबरचा, गेल्या महिन्याचा व्यवहार बघून या. पोस्टपेड असेल तर बिल आणा. न मागितलेल्या सेवेची एक ओळ जरी दिसली तरी आधी १९८ वर तक्रार नोंदवा, १५५२२३ वर सेवा बंद करा, आणि स्क्रीनशॉट व तक्रार क्रमांक घेऊन या. बैठकीत सेवेच्या नावाप्रमाणे कागद लावू. एका नावाखाली किती गावे निघतात ते मोजू, आणि त्या सगळ्यांच्या वतीने कंपनीला एकच प्रश्न विचारू : आमचा होकार दाखवा.